प्रार्थनेचे शब्द आणि त्यांचा अर्थ

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यात केंदूर येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



मंदिराचे काम पुरे होऊन कळस चढला की गवंडी, सुतार, रंगारी आपापल्या गावी जातात. देणगीदारांची नावे फरशीवर कोरून होतात. त्यानंतर मंदिरात रोज राहतात ते शब्द. पहाटे काकड आरती, दुपारी पोथी, संध्याकाळी आरती, एकादशीला हरिपाठ आणि जागर. या शब्दांपैकी काही मराठीत असतात, काही संस्कृतात, आणि काही अशा जुन्या मराठीत की ते संस्कृताइतकेच अवघड वाटावेत. म्हणणारा ते शब्द तोंडपाठ म्हणतो, पण त्यांचा अर्थ त्याला ठाऊक असतोच असे नाही. मग प्रश्न येतो की न समजता केलेली प्रार्थना देवाला पोहोचते का? आणि अर्थ समजून घ्यायचा ठरवलाच, तर बाजारात मिळणाऱ्या पुस्तकांपैकी कोणते घ्यावे? केंदूरला वारकरी संत कान्होराज महाराज पाठकांचे गाव म्हणून ओळखतात. पाठक म्हणजे पाठ म्हणणारा. तेव्हा पाठ कसा म्हणावा, हा प्रश्न या गावात विचारणे अगदी योग्य ठिकाणी विचारण्यासारखे आहे.

हा वाद आजकालचा नाही. वेदांतील अवघड शब्दांचा उलगडा करणारा निरुक्त नावाचा ग्रंथ यास्काचार्यांनी ख्रिस्तापूर्वी काही शतके लिहिला. त्यात त्यांनी कौत्स नावाच्या पंडिताचे मत नोंदवले आहे. कौत्साचे म्हणणे असे की मंत्रांना अर्थ नसतोच. मंत्रातला एकही शब्द बदलता येत नाही की मागेपुढे करता येत नाही, आणि कित्येक शब्दांचा अर्थ कोणालाच लागत नाही. म्हणजे मंत्रात महत्त्व उच्चाराचे, अर्थाचे नव्हे. यास्कांनी उत्तर दिले की मंत्रातले शब्द रोजच्या बोलण्यातल्या शब्दांसारखेच आहेत, म्हणून त्यांना अर्थ आहे. आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा दोष नव्हे. आणि ज्याने वेद पाठ केला पण अर्थ जाणला नाही, तो नुसता भार वाहणारा खांब. म्हणजे पाठांतर मोठे की अर्थ मोठा, यावर शास्त्री मंडळींचे भांडण दोन हजार वर्षांहून जुने आहे. दोन्ही बाजूंना विद्वान होते आणि दोघेही श्रद्धावान होते.

हे भांडण मिटत नाही याचे एक कारण असे की प्रार्थना या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे नामस्मरण, दुसरी म्हणजे स्तुती, आणि तिसरी म्हणजे संकल्प किंवा वचन. या तिन्हींना एकच नियम लावला की घोटाळा होतो.

नामस्मरणाचे पाहावे. रामकृष्णहरी म्हणणाऱ्या वारकऱ्याला हरी शब्दाची व्युत्पत्ती विचारली आणि ती त्याला आली नाही, तर त्याच्या नामस्मरणात काही उणे राहत नाही. नाव ही हाक असते. आई मुलाला हाक मारते तेव्हा त्या नावाचा कोशातला अर्थ तिच्या मनात नसतो. हाक कोणाला मारली हे तिला ठाऊक असते, तेवढे पुरते. जवळच पाबळला जैन मंदिर आहे. जैन बांधव णमोकार मंत्र म्हणतात तो संस्कृतात नाही, प्राकृतात आहे. मुसलमान बांधव नमाज अरबीत पढतात. घरी मराठी बोलणारेही ती अरबीतच पढतात. ठरलेले शब्द, ठरलेला सूर आणि हजारो माणसांनी एकाच तऱ्हेने म्हणणे, याचे एक बळ असते. रामेश्वराला गेलेल्या माणसाला तिथली भाषा येत नाही, पण देवळात ऐकू येणारे एखादे स्तोत्र ओळखीचे निघते. म्हणून कौत्साच्या म्हणण्यात काही तथ्य नाही असे म्हणता येत नाही.

स्तुतीचे थोडे वेगळे आहे. स्तुतीत देवाचे रूप, त्याचे पराक्रम, त्याचे गुण वर्णन केलेले असतात. तिथे अर्थ कळला तर डोळ्यांपुढे चित्र उभे राहते, न कळला तर नुसता ताल उरतो. न कळल्याने पाप लागते असे कोणी म्हणणार नाही, पण म्हणणाऱ्याच्या पदरचे काही तरी जाते.

तिसऱ्या प्रकारात मात्र अर्थ समजल्याशिवाय भागत नाही. जीर्णोद्धाराच्या पूजेला बसलेल्या यजमानाकडून गुरुजी संकल्प वदवून घेतात. हातात पळीभर पाणी असते. गुरुजी भराभर संस्कृत म्हणतात, यजमान शेवटी करिष्ये म्हणतो आणि पाणी ताम्हनात सोडतो. या संकल्पात असते तरी काय? आधी काळ येतो, म्हणजे मन्वंतर, युग, शक, संवत्सर, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. मग स्थळ येते, म्हणजे भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर. मग व्यक्ती येते, तिचे गोत्र आणि नाव. मग कशासाठी काय करणार ते येते, आणि सर्वांत शेवटी करिष्ये, म्हणजे मी हे करीन. ज्याने कधी खरेदीखत किंवा साठेखत वाचले असेल त्याला ही रचना ओळखीची वाटेल. तारीख, मुक्काम, लिहून देणार, कारण, मजकूर आणि खाली सही. संकल्प म्हणजे देवाला लिहून दिलेला दस्तऐवजच आहे, आणि सोडलेले पाणी ही त्यावरची सही आहे. एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणे हा वाक्प्रचार मराठीत आला तो दानाच्या वेळी सोडायच्या या उदकावरूनच.

या करिष्ये शब्दात आणखी एक बारकावा आहे. संस्कृत व्याकरणाप्रमाणे करिष्ये आणि करिष्यामि या दोन्हींचा अर्थ मी करीन असाच होतो. पण कर्माचे फळ करणाऱ्याला स्वतःला मिळायचे असेल तर करिष्ये आणि दुसऱ्याला मिळायचे असेल तर करिष्यामि, असा जुना नियम आहे. म्हणून यजमानाने करिष्ये म्हणायचे असते, आणि दुसऱ्यासाठी कर्म करणाऱ्याने करिष्यामि. शब्दाच्या शेवटाला एवढे महत्त्व असेल, तर सबंध वाक्य न समजता बोलणे किती जोखमीचे आहे हे सांगायला नको.

न समजता दिलेल्या कबुलीचे काय होते, हे पुणे जिल्ह्याने एकदा फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. 12 मे 1875 रोजी सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली आणि बघता बघता दंगा इतर गावांत पसरला. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्या शेतकऱ्यांचा मुख्य रोख सोन्यानाण्यावर नव्हता. त्यांना कर्जरोखे हवे होते, आणि हाती आलेले रोखे त्यांनी जाळून टाकले. ज्या कागदावर त्यांनी नांगराची निशाणी केली होती त्या कागदात काय लिहिले आहे हे कित्येकांना वाचताच येत नव्हते. पुढे सरकारने 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त गावरजिस्ट्रारसमोर लिहिला जावा आणि त्यातला मजकूर शेतकऱ्याला कळावा, अशी तजवीज त्या कायद्यात होती. सावकाराचा कागद समजून घेऊन सही करावी, हे शहाणपण पटायला माणसांना दंगा करावा लागला. देव काही सावकार नव्हे. तो व्याजाचा हिशेब लावत नाही, हे खरे. पण वचन देणारा माणूस तोच आहे, आणि आपण काय बोललो हे त्याला कळावे ही अपेक्षा इथेही रास्त आहे. गुरुजींना विनंती केली तर संकल्प मराठीत समजावून सांगायला दोन मिनिटे लागतात, आणि जाणते गुरुजी तो आनंदाने सांगतात.

आता कोणी म्हणेल की संकल्पाचा प्रसंग वर्षाकाठी एखादा, त्याचा रोजच्या आरतीशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो सर्वांच्या तोंडी असलेल्या प्रार्थनेतच आहे. गणपतीत, सत्यनारायणाला, रोजच्या धुपारतीला शेवटी टाळ्या वाजवत, स्वतःभोवती फिरत घालीन लोटांगण म्हटले जाते. लहान पोरांनाही ते पाठ असते. सगळे एका दमात म्हटले जाते म्हणून ते एकच गीत वाटते, पण ते निरनिराळ्या ठिकाणची कडवी जोडून तयार झाले आहे. पहिले कडवे नामदेवांच्या नावावर आहे आणि ते सरळ मराठीत आहे. त्यापुढची कडवी संस्कृतात आहेत. तिसरे कडवे भागवताच्या अकराव्या स्कंधातले, चौथे शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या अच्युताष्टकातले, आणि शेवटचे नाम कलिसंतरण उपनिषदातले. मराठी कुठे संपले आणि संस्कृत कुठे सुरू झाले, हे म्हणणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

यातले तिसरे कडवे, म्हणजे कायेन वाचा या शब्दांनी सुरू होणारे, नीट पाहण्यासारखे आहे. भागवतात राजा निमी नऊ योगेश्वरांना विचारतो की भागवत धर्म म्हणजे काय. त्या नऊ जणांतला कवी नावाचा योगेश्वर त्याला उत्तर देतो, आणि त्या उत्तरात हा श्लोक येतो. त्याचा अर्थ असा की शरीराने, वाणीने, मनाने, इंद्रियांनी, बुद्धीने, आत्म्याने किंवा अंगवळणी पडलेल्या स्वभावाने माणूस जे जे काही करतो, ते सर्व त्याने परमश्रेष्ठ नारायणाला अर्पण करावे. मूळ श्लोकात क्रियापद करोति असे आहे, म्हणजे तो करतो. आणि शेवटी त्याने अर्पण करावे, असा उपदेश आहे. पण आरतीत भाविक म्हणतात ते करोमि, म्हणजे मी करतो, आणि शेवटी समर्पयामि, म्हणजे मी अर्पण करतो.

फरक एका अक्षराएवढा दिसतो, पण त्याने सगळा प्रकारच बदलला आहे. मुळात तो एका राजाला सांगितलेला उपदेश होता. लोकांच्या तोंडी येता येता तो प्रत्येकाने स्वतःच्या नावाने द्यायचे वचन झाला. ही कोणाची चूक झाली असे मानायचे कारण नाही. प्रार्थना म्हणून म्हणायचे तर मी असेच म्हणायला हवे. पण याचा अर्थ असा की रोज संध्याकाळी आरतीला उभा राहिलेला प्रत्येक माणूस एक संकल्प सोडत असतो. दिवसभरात शरीराने, बोलण्याने, मनाने जे केले ते सगळे देवाला दिले, असे तो चारचौघांत मोठ्याने सांगतो. त्यात डेअरीवर घातलेले दूध आले, तराजूत घातलेले माप आले, बांधावर भावाला बोललेला शब्द आला. हे कळून म्हणणारा माणूस ते कडवे म्हणताना एखादे वेळी थबकेल. न कळता म्हणणाऱ्याला थबकण्याचे कारणच पडत नाही. समजून म्हणण्याचा फायदा देवाला नाही, म्हणणाऱ्याला आहे.

इथे काही जण म्हणतात की मग सगळेच मराठीत करावे, म्हणजे प्रश्न मिटला. पण भाषा मराठी असली म्हणजे अर्थ कळतोच असे नाही. विठ्ठलाच्या आरतीत निढळ हा शब्द येतो. पुष्कळांना तो कळत नाही, कोणी त्याचा उच्चारही बदलून टाकतो. निढळ म्हणजे कपाळ. कपाळावर आडवा हात धरून, उन्हाची तिरीप चुकवत, दूरवरच्या रस्त्याकडे डोळे लावून उभे राहिलेले माणूस, असे ते चित्र आहे. रानात काम करणारी बाई बाजारातून येणाऱ्या आपल्या माणसाची अशीच वाट पाहते. गंमत अशी की निढळाचा घाम हा शब्द गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तोच शब्द आरतीत आला की मात्र परका होतो. गणपतीच्या आरतीतही तसेच. तिथे शब्द आहे संकटी, म्हणजे संकटात. कित्येक जण म्हणतात संकष्टी, म्हणजे चतुर्थी. त्यामुळे संकटात धावून ये ही विनवणी चतुर्थीच्या दिवशी ये अशी होऊन बसते. त्याच आरतीतला फणिवरबंधना हा शब्द, म्हणजे ज्याने कमरेला नाग बांधला आहे तो, फळीवर वंदना असा म्हटला जातो आणि गणपती फडताळातल्या फळीवर जाऊन बसतो. हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट असली तरी तिच्यातून एक खूण मिळते. शब्दाचा उच्चार बिघडायला लागला की समजावे, त्याचा अर्थ आधीच हरवलेला आहे. मुलांच्या आरतीकडे कान देऊन ऐकले तर कुठले शब्द समजावून द्यायला हवेत, याची यादी आपोआप तयार होते.

तेव्हा मूळ शब्द ठेवावेत आणि अर्थ शेजारी ठेवावा, हा मार्ग बरा. पण अर्थाचे पुस्तक निवडायचे कसे?

आधी हे लक्षात घ्यावे की अर्थाची पुस्तके एका जातीची नसतात. गीतेचेच उदाहरण घेतले तर एक प्रकार अन्वयार्थाचा, ज्यात प्रत्येक संस्कृत शब्दापुढे त्याचा मराठी शब्द दिलेला असतो. तो शिकायला चांगला, पण म्हणायला येत नाही. दुसरा प्रकार समश्लोकीचा, ज्यात श्लोकाला श्लोक असतो. सतराव्या शतकात वामन पंडितांनी तशी समश्लोकी केली. तिसरा प्रकार टीकेचा. ज्ञानेश्वरी ही टीका आहे. शके 1212, म्हणजे इ. स. 1290 मध्ये ती पूर्ण झाली. गीतेचे श्लोक 700 आणि ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे 9000. म्हणजे एका श्लोकाला सरासरी बारा-तेरा ओव्या. त्यातल्या उपमा, दृष्टांत आणि विस्तार ज्ञानेश्वर महाराजांचे स्वतःचे आहेत. म्हणून ज्ञानेश्वरीतली एखादी सुंदर ओवी वाचून हे गीतेत असेच आहे म्हणणे बरोबर नाही, आणि गीतेत एवढे नाही म्हणून ज्ञानेश्वरी चुकीची म्हणणेही बरोबर नाही. दोन्हींचे काम वेगळे. शब्दाचा अर्थ पाहायचा तर अन्वयार्थ, म्हणायचे तर समश्लोकी, मनन करायचे तर टीका.

ज्या कडव्याचा मघाशी विचार झाला, त्याचा अर्थ वारकऱ्याला घरीच सापडतो. एकनाथ महाराजांनी भागवताच्या नेमक्या अकराव्या स्कंधावर मराठी टीका लिहिली आणि शके 1495, म्हणजे इ. स. 1573 मध्ये ती काशीत पुरी केली. काशीच्या पंडितांनी प्रथम तिला विरोध केला आणि पुढे तिचा सन्मान केला, असे परंपरा सांगते. नाथभागवताच्या दुसऱ्या अध्यायात या श्लोकावर विस्ताराने ओव्या आहेत. पोथी लावणाऱ्याने तेवढा भाग एकदा आरतीनंतर वाचून दाखवला तर वेगळे पुस्तक विकत घ्यायलाही नको.

एकनाथांकडून दुसराही धडा घेण्यासारखा आहे. शके 1506, म्हणजे इ. स. 1584 मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. तीनशे वर्षांत हाताने नकला होताना लोकांनी शब्द बदलले होते, पदरच्या ओव्या घातल्या होत्या. नाथांनी पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये अशी ताकीदही लिहून ठेवली. अर्थ लावण्याआधी शब्द खरे आहेत का ते पाहावे लागते. जत्रेत मिळणाऱ्या स्वस्त पुस्तिकांत अनुस्वार गळालेला असतो, शब्द चुकीच्या जागी तोडलेला असतो. म्हणून एकाच स्तोत्राच्या दोन वेगळ्या ठिकाणी छापलेल्या प्रती शेजारी ठेवाव्यात. जिथे त्या जुळत नाहीत तिथे जाणत्याला विचारावे.

भाषांतर करणाराच सावध असेल तर काय साधते, त्याची दोन उदाहरणे आहेत. विनोबा भाव्यांच्या आईला गीता समजून घ्यायची होती, पण संस्कृत येत नव्हते आणि हाती आलेली मराठी भाषांतरे अवघड होती. तूच का करीत नाहीस, असे ती विनोबांना म्हणाली. ती 1918 साली वारली. विनोबांनी 7 ऑक्टोबर 1930 रोजी गीताई लिहायला घेतली आणि 6 फेब्रुवारी 1931 रोजी संपवली. छापण्याआधी त्यांनी ती वर्ध्याच्या आश्रमातल्या लहान मुलींना शिकवून पाहिली आणि त्यांना जे अडले त्याची दखल घेऊन शब्द सोपे केले. पंडित काय म्हणतील यापेक्षा मुलीला कळते का, ही त्यांची कसोटी होती. दुसरे उदाहरण दौंड तालुक्यातल्या केडगावचे. तिथे पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या शेवटच्या काळात ख्रिस्ती धर्मग्रंथाचे मराठी भाषांतर केले. त्या संस्कृतच्या पंडिता. चालू मराठी बायबल त्यांना संस्कृतप्रचुर वाटले. म्हणून मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत ते उतरवले. एप्रिल 1922 मध्ये त्या वारल्या. धर्म निराळा असला तरी दोघांची रीत एकच दिसते. मुळापर्यंत जायचे, आणि उतरवताना ऐकणाऱ्याच्या तोंडची भाषा वापरायची. यातली एकच बाजू असली तर भाषांतर लंगडे पडते. मुळाला धरून पण कोणाला न कळणारे, किंवा सगळ्यांना कळणारे पण मुळात नसलेले.

सामान्य माणसाला संस्कृत येत नाही. मग भाषांतर चांगले की वाईट हे त्याने ओळखावे कसे? त्याच कडव्यावर हे करून पाहता येते. नमुन्यादाखल त्याची तीन मराठी भाषांतरे समजावीत. पहिले म्हणते, तनमनधन तुला अर्पण केले. दुसरे म्हणते, माझ्या हातून घडलेली पापे, नारायणा, पोटात घाल. तिसरे म्हणते, दुसऱ्यांसाठी मी जे जे करतो ते नारायणाला अर्पण करतो. तिन्ही कानाला गोड लागतात आणि तिन्ही चुकीची आहेत.

ती कशी चुकली ते पाहिले की कसोट्या हाती येतात. पहिल्यासाठी मोजणी करावी. मूळ कडव्यात शरीर, वाणी, मन, इंद्रिये, बुद्धी, आत्मा आणि स्वभाव अशा सात गोष्टी आहेत. भाषांतरात तीनच उरल्या, वाणी गळाली, आणि मुळात नसलेले धन आत आले. तोंडात बसलेल्या जोडशब्दाने भाषांतरकाराला ओढून नेले. दुसऱ्यासाठी क्रियापद पाहावे. हे मागणे आहे, सांगणे आहे, की देणे आहे? मुळात देणे आहे, भाषांतरात क्षमा मागितली आहे. आणि मुळात जे जे करतो ते सर्व असे आहे, नुसती पापे नाहीत. मंत्रपुष्पांजलीचेही असेच होते. हात जोडून म्हटली जाते म्हणून सगळी विनवणी वाटते, पण तिच्या शेवटी मरुत्त नावाच्या राजाच्या घरच्या वैभवाचे वर्णन आहे. त्या ओळींना मागण्याचा अर्थ चिकटवला तर तो पदरचा समजावा. तिसऱ्यासाठी कोणाला हे पाहावे. परस्मै या शब्दात पर आहे. पर म्हणजे परका असाही अर्थ होतो आणि श्रेष्ठ असाही. इथे तो नारायणाला लागून आला आहे, म्हणून परमश्रेष्ठाला असा अर्थ आहे. अन्वयार्थ दिलेल्या पुस्तकात हे लगेच दिसते. म्हणून ज्या पुस्तकात मूळ, शब्दार्थ आणि सरळ अर्थ तिन्ही एका पानावर असतील ते आधी निवडावे. ज्यात नुसता गोळीबंद भावार्थ आहे आणि मूळ छापलेलेच नाही, त्याची पारख करायला वाचणाऱ्याच्या हातात काहीच नसते.

आणखी एक गोष्ट जपावी. पुष्कळ स्तोत्रांच्या शेवटी फलश्रुती असते, म्हणजे हे म्हटल्याने काय मिळते ते सांगणारा भाग. तो प्रार्थनेचा गाभा नव्हे. अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तने करताना फलश्रुती शेवटी एकदाच म्हणायची पद्धत आहे, ती याच समजुतीने. जे पुस्तक स्तोत्राच्या अर्थाला एक ओळ देते आणि धनलाभ, पुत्रलाभ, शत्रुनाश यांना पान भरून देते, त्याचे लक्ष अर्थाकडे नाही, खपाकडे आहे.

अर्थाने सगळे साधते असेही नाही. चांगल्यातले चांगले भाषांतरही मुळाचा नाद आणत नाही. एका शब्दात दोन अर्थ भरलेले असतील तर भाषांतराला त्यातला एक निवडावाच लागतो. म्हणूनच गीताई आली तरी गीता पाठ करणारे राहिले, आणि नाथभागवत घरोघर गेले तरी आरतीत मूळ संस्कृत कडवेच म्हटले जाते. ते तसेच राहावे. ज्या म्हाताऱ्या आजीने जन्मभर शब्द चुकवत पण न चुकता आरती म्हटली, तिला थांबवून अर्थ विचारण्याचा अधिकार कोणाला नाही. तिची ती हाक आहे आणि हाकेला अर्थाची अट नाही. पण पूजेला बसलेल्या यजमानाचे, आणि आज प्रथमच पाठ करणाऱ्या मुलाचे तसे नाही. यजमान वचन देत आहे. मूल जे आज पाठ करील ते पुढे जन्मभर तसेच म्हणेल.

मंदिरात आता वीज आली आहे, भिंती स्वच्छ आहेत. सभामंडपात एका बाजूला फळा लावून त्यावर आठवड्याला आरतीतला एक शब्द आणि त्याचा अर्थ लिहायचा म्हटले तर खडूपलीकडे खर्च नाही. पहिल्या आठवड्याला निढळ हा शब्द घ्यायला हरकत नाही.

रामकृष्णहरी.